‘धोका लो, फॉलोअप चार आठवड्यांनी’ : मानसोपचार वॉर्डाची डिस्चार्ज समरी कशी वाचायची

प्रश्न : माझा लहान भाऊ (२७) मानसोपचार वॉर्डातून परवा घरी आला, तीन आठवडे ॲडमिट होता. समरीत लिहिलंय : बायपोलर, एफ ३१.२, कंडिशन इम्प्रूव्ड. लिथियम ३०० च्या तीन गोळ्या रात्री, ओलान्झापिन १५ रात्री, लोराझेपाम २ रात्री, एस्सिटालोप्राम बंद. लिथियम लेव्हल ०.५२, ६०० वर असताना. डोस ९०० केला डिस्चार्जच्या दोन दिवस आधी. आत्महत्येचा धोका : सध्या लो. फॉलोअप चार आठवड्यांनी ओपीडी. दोन वर्षांपूर्वी त्याने घरातल्या गोळ्या घेतल्या होत्या, तेव्हा डिप्रेशन सांगितलेलं. या वेळी आजारात त्याने फोनवरून बरंच लोन काढलंय. ‘लो’ म्हणजे काळजी मिटली का? चार आठवडे नुसत्या गोळ्या देत राहायचं का?

उत्तर :

नाही, चार आठवडे थांबू नका. आधी एवढं सांगून टाकतो, मग का ते सविस्तर लिहितो.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. अशा समऱ्या लिहिण्यात आणि नंतर ज्युनिअर डॉक्टरांनी लिहिलेल्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही त्यामुळे कुठली गोळी कमी करा, कुठली वाढवा यावर मी एक शब्द बोलणार नाही, ते त्याच्या किडनीवर, थायरॉइडवर, आणखी काही औषधं चालू आहेत का यावर आणि मुख्य म्हणजे तो आज कसा आहे यावर ठरतं. पण कागदावर काय लिहायचं राहिलंय ते कागद बघूनच कळतं, आणि या कागदात महत्त्वाच्या काही गोष्टी राहिल्यात.

आधी हा कागद तयार कसा होतो ते बघा. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात घाई असते, बेड दुसऱ्याला हवा असतो, नातेवाईक गाडी घेऊन खाली उभे असतात आणि रेसिडेंट डॉक्टर ॲडमिशनच्या नोंदींतून उतरवून उतरवून समरी पुरी करत असतो. त्यामुळे काय झालं, काय दिलं, कसा सुधारला हे ठीक येतं. पुढे कुणी काय करायचं हे मात्र एका ओळीत उरकतं. वॉर्डात रोज कुणीतरी बघत होतं म्हणून ज्या गोष्टी सुरक्षित होत्या त्या आता घरी बघणार कोण, हे लिहायला सगळेच विसरतात. म्हणून मी ज्युनिअरांना सांगतो की प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न विचारा. हे कोण करणार, कधी करणार, आणि नाही झालं तर काय. तुम्हीही समरी हातात घेऊन तेच करा, पटकन भोकं दिसतात.

निदानाच्या ओळीवर फार वेळ घालवत नाही. एफ ३१.२ म्हणजे बायपोलर आजार, सध्याचा एपिसोड मेनियाचा, म्हणजे मन आणि उत्साह अती चढण्याचा, आणि त्यासोबत सायकोसिसची लक्षणं, म्हणजे भास किंवा वास्तवाला सोडून असलेल्या ठाम समजुती. हा कोड ॲडमिट होतानाच्या अवस्थेचा असतो. आज तो तसाच आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि ‘इम्प्रूव्ड’ म्हणजे आजार गेला असाही नाही. तुमच्यासाठी यात कामाची गोष्ट एकच, दोन वर्षांपूर्वीचं ‘डिप्रेशन’ हे निदान आता बदललंय. बायपोलर असलेल्या माणसाचा पहिला एपिसोड डिप्रेशनचा असणं फार कॉमन आहे, तेव्हाच्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असं नाही, मेनिया येईपर्यंत ते कळायला मार्ग नसतो. पण निदान बदललं की औषधाचा हिशोबही बदलतो. बायपोलरमध्ये अँटिडिप्रेसंटने काहींचा मेनिया भडकतो, म्हणून एस्सिटालोप्राम बंद केलंय. आता हे ‘का बंद केलं’ समरीत नाही. आणि पुढे होतं काय तर दोन महिन्यांनी भाऊ जरा उदास दिसतो, फॅमिली डॉक्टरकडे जुनं प्रिस्क्रिप्शन असतं, घरात अर्धी स्ट्रिप पडलेली असते, ‘तेव्हा याने बरं वाटलं होतं’ म्हणून कुणीतरी ती परत सुरू करतं. म्हणून त्या ओळीपुढे कारण लिहून घ्या. ‘मेनियामुळे बंद, मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरू करू नये’ एवढं पुरे. आणि घरातली जुनी स्ट्रिप आजच बाहेर काढा.

आता औषधं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात मोठं भोक इथेच आहे.

लिथियम हे असं औषध आहे की त्याचा उपयोगाचा डोस आणि त्रासाचा डोस एकमेकांच्या फार जवळ असतात. म्हणून गोळ्या मोजून भागत नाही, रक्तातली पातळी मोजावी लागते. तुमच्या भावाची शेवटची लेव्हल ०.५२, ती ६०० मिलिग्रॅमवरची. त्यानंतर डोस ९०० झाला आणि दोन दिवसांत तो घरी आला. म्हणजे आज तो जो डोस घेतोय त्यावरची लेव्हल कुणीच पाहिलेली नाही! डोस बदलला की रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, त्यामुळे वॉर्डात असताना ती करूनही फार उपयोग नव्हता हे खरं. पण मग ‘अमुक तारखेला करा’ असं लिहायला हवं होतं. तुमच्या हिशोबाने डोस वाढून आज चार दिवस झाले, म्हणजे ती तारीख याच आठवड्यातली आहे. चार आठवड्यांनंतरची नाही.

किती यायला हवी याचा ढोबळ अंदाज तुम्हीही काढू शकता. लिथियमची पातळी साधारण डोसच्या प्रमाणात वाढते. ६०० वर ०.५२ तर ९०० वर त्याच्या दीडपट, म्हणजे ०.७८ च्या आसपास. दीर्घकाळासाठी बहुतेकांना ०.६ ते ०.८ पुरते, मेनिया ताजा असताना ०.८ ते १.० पर्यंत ठेवतात. म्हणजे ज्याने डोस वाढवला त्याने विचार करूनच वाढवलाय, यात शंका नाही. फक्त तो विचार कागदावर उतरला नाही.

लेव्हल देताना एक गोष्ट सांभाळा. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री दहाला गोळ्या घेतो ना, मग सकाळी दहाला. लवकर दिलं तर आकडा खोटा मोठा येतो, उशिरा दिलं तर खोटा छोटा, आणि मग त्या चुकीच्या आकड्यावर डोस बदलला जातो. लॅबच्या कागदावर गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं दोन्ही लिहायला सांगा. अपेक्षा ०.७८ ची आणि आला ०.३, तर बहुधा गोळ्या चुकताहेत. आला १.२, तर आधी वेळ तपासायची, मग विचारायचं की जुलाब-उलट्या झाल्या का, पाणी कमी पडलं का, मधे एखादी वेदनाशामक गोळी घेतली का. या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडेच असतात, ओपीडीतल्या डॉक्टरकडे नसतात. मात्र आकडा १.२ आला तर ही विचारपूस करत घरी बसू नका, त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात जा.

वेदनाशामक गोळीवरून आठवलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी करतात आणि पातळी चढते. दात दुखला, पाठ आखडली की या गोळ्या कुणीही सहज देतं. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालतं. तसंच ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, खास करून लघवी वाढवणाऱ्या थायझाइड जातीच्या आणि एनालाप्रिल, लोसार्टन यांच्या जातीच्या. भाऊ २७ चा आहे म्हणजे बीपीच्या गोळ्या नसतील, पण पुढे कुणी दिल्या तर ‘मी लिथियमवर आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडात बसलं पाहिजे. मीठ एकदम सोडणं, दिवसभर पाणी न पिणं, तापात-जुलाबात तसंच रेटणं, सगळ्याने पातळी वर जाते. उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी द्यायची नाही, सरळ इमर्जन्सीला दाखवायचं.

आणि ही लक्षणं फ्रिजवर चिकटवा : हातांची मोठी थरथर (बारीक कंप बऱ्याच जणांना असतो, त्याने घाबरू नका), चालताना झोक जाणं, बोलणं जड होणं, उलट्या-जुलाब, झापड, गोंधळल्यासारखं वागणं. यातलं काही दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही, लिथियमची पुढची गोळी द्यायची नाही आणि सरळ इमर्जन्सीला जायचं. सहसा १.५ च्या वर हे दिसतं पण काहींना त्याखालीही दिसतं, म्हणून आकडा नॉर्मल असला तरी लक्षणांवर विश्वास ठेवायचा.

मात्र बरं वाटतंय म्हणून स्वतःहून लिथियम अचानक थांबवणं हा वेगळा धोका आहे. त्याने मेनिया जोरात उलटू शकतो. बंद करायचंच ठरलं तर ते डॉक्टरांच्या देखरेखीत काही आठवडे ते महिने घेऊन उतरवतात. किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी, आणि लेव्हल सुरुवातीला स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, असा साधारण क्रम असतो. हे कुणाकडे होणार, ओपीडीत की फॅमिली डॉक्टरकडे, हे नाव घालून ठरवून घ्या नाहीतर दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

ओलान्झापिनबद्दल एकच गोष्ट सांगतो जी समरीत जवळजवळ कधीच नसते. भाऊ सिगरेट ओढतो का? वॉर्डात बहुतेक ठिकाणी सिगरेट बंद असते. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालायला लागतं आणि ते ओलान्झापिन भराभर संपवतं. म्हणजे वॉर्डात सिगरेटविना १५ मिलिग्रॅमवर शांत झालेला माणूस घरी येऊन परत ओढायला लागला की एक-दोन आठवड्यांत त्याच १५ मिलिग्रॅमचा असर बऱ्यापैकी कमी होतो. गोळ्या नियमित, तरी झोप तुटायला लागते, आणि घरच्यांना वाटतं की हा गोळ्या थुंकतोय. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम लावून सिगरेट बंदच ठेवली तर हा प्रश्न येत नाही. ओढत असेल तर लपवायला लावू नका, डॉक्टरांना सांगा म्हणजे ते डोसचा विचार करतील. बाकी या औषधाने वजन आणि साखर वाढू शकते, म्हणून वजन आणि उपाशीपोटीची साखर बघत राहायची. आजचं वजन लिहून ठेवा आणि पहिले सहा आठवडे दर आठवड्याला मोजा, आधीचा आकडा नसेल तर किती वाढलं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

लोराझेपामपुढे ‘किती दिवस’ लिहिलेलं नाही. हे औषध झोपेसाठी आणि अस्वस्थता खाली आणण्यासाठी थोड्या दिवसांपुरतं असतं, साधारण दोन ते चार आठवडे, आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. शेवटची तारीख नसली की प्रत्येक नवीन डॉक्टर ‘चालू औषधं’ म्हणून पुढे लिहीत जातो आणि सहा महिन्यांनी सवय लागलेली असते. तीन आठवडे वॉर्डात घेतलंय त्यामुळे एकदम बंदही करू नका. कमी करायचं वेळापत्रक मागा.

आता ‘धोका : सध्या लो’.

ही ओळ खोटी नाही. त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं असेल, मरणाचे विचार येतात का, भाऊ नाही म्हणाला असेल, आणि ते खरंही असेल. पण ती ओळ त्या सकाळची आहे, आणि वॉर्डातल्या सकाळची, जिथे रात्रीच्या गोळ्या सिस्टर हातात देत होत्या आणि लोनचा फोन येत नव्हता. लो-मीडियम-हाय या कप्प्यांवरून पुढे कोण स्वतःला इजा करेल हे सांगता येत नाही हे आता इतकं स्पष्ट झालंय की इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये असे कप्पे भाकितासाठी वापरूच नका असं लिहून टाकलं. ‘लो’ म्हटलेल्या लोकांची संख्या खूप मोठी असते, त्यामुळे जे जीव जातात त्यातलेही बरेच त्याच कप्प्यातले निघतात. आणि दुसरी गोष्ट, मानसोपचार वॉर्डातून सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे हे धोक्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत परत परत दिसलंय. म्हणजे ज्या काळात तुम्हाला चार आठवडे एकटं सोडलंय तो नेमका तोच काळ आहे.

तुमच्या भावाच्या बाबतीत अजून एक पदर आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेनियात माणूस वर असतो, त्याला सगळं शक्य वाटत असतं, त्यामुळे तेव्हा आत्महत्येबद्दल विचारलं तर बरेचदा ‘छे, कशाला’ असंच उत्तर येतं. मेनिया ओसरला की काहींच्या मागोमाग डिप्रेशन येतं. आणि नेमकं तेव्हाच माणसाला कळायला लागतं की आपण काय काय करून बसलोय. लोनचे हप्ते, कुणाला काय बोललो, नोकरीत काय झालं. तुमच्या भावाने याआधी एकदा गोळ्या घेतल्यात त्याही डिप्रेशनच्याच काळात. म्हणजे धोका कधी वाढू शकतो आणि कशामुळे, हे या पेशंटबद्दल बऱ्यापैकी आधी सांगता येत होतं. ‘लो’ या शब्दात ते मावलं नाही.

मी लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं :

‘दोन वर्षांपूर्वी डिप्रेशनमध्ये घरातल्या गोळ्यांचा ओव्हरडोस. या वेळी मेनियात मोठं कर्ज काढलं आहे, त्याची पूर्ण कल्पना पेशंटला अजून नाही. आज मरणाचे विचार नाहीत, झोप सात तास, पुढच्या कामाबद्दल बोलतो. येत्या सहा-आठ आठवड्यांत डिप्रेशन आलं किंवा कर्जाचा तगादा सुरू झाला तर धोका पटकन वाढू शकतो. सुरुवातीची खूण : सकाळी लवकर जाग, बोलणं कमी, आंघोळ टाळणं, “तुम्हाला माझा त्रास होतो” असं म्हणणं. औषधं बहिणीकडे, एका वेळी सात दिवसांचीच. कर्जाबद्दल बहीण त्याच्यासोबत बसून बोलेल. पहिली भेट तीन दिवसांत. मधे वाटलं तर वॉर्डाचा नंबर, रात्री इमर्जन्सी.’

खुणा मी अंदाजाने घातल्यात, तुमच्या तुम्ही भरा. दोन वर्षांपूर्वी त्या गोळ्या घेण्याआधीच्या दोन आठवड्यांत तो कसा होता ते आठवा. आणि या वेळी मेनिया चढायच्या आधी पहिलं काय बदललं तेही, बहुतेकांमध्ये ते झोपेत दिसतं. तीन तास झोपून ताजातवाना उठला, तेही लागोपाठ दोन रात्री, तर मी तिसऱ्या रात्रीची वाट बघत नाही. त्या वेळी डॉक्टरांना केलेला एक फोन पुढची ॲडमिशन वाचवू शकतो.

आता औषधांचा आणि धोक्याचा संबंध बघा, कारण समरीत हे दोन वेगवेगळ्या रकान्यांत असतात आणि कुणी एकत्र वाचत नाही. चार आठवड्यांनी फॉलोअप म्हणजे औषधंही तेवढ्याच दिवसांची दिली असणार. रोज ३०० च्या तीन गोळ्या म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या, पंचवीस ग्रॅमच्या वर लिथियम, त्यासोबत लोराझेपामचा महिन्याचा साठा, ज्याने आधी घरातल्याच गोळ्या घेतल्या होत्या त्याच्या घरात. लिथियमचा ओव्हरडोस जीवघेणा होऊ शकतो. म्हणून आजच बाकीच्या गोळ्या तुमच्या ताब्यात, कुलपात किंवा दुसऱ्या घरी, आणि बाहेर फक्त आठवड्याच्या. घरातल्या इतर लोकांच्या गोळ्याही त्यातच. हे त्याच्यापासून लपवून करू नका. ‘डॉक्टरांनी सुरुवातीचे महिने असंच ठेवायला सांगितलंय’ असं सरळ सांगा, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या तोंडूनही वदवून घ्या. आणि मरणाचे विचार येतात का हे थेट विचारायला घाबरू नका, विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट कुणीच विचारत नाही म्हणून तो बोलत नसतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

फॉलोअपचं बोलतो. वॉर्डातून सुटल्यावर पहिली भेट सात दिवसांच्या आत, आणि आत्महत्येचा धोका नोंदलेला असेल तर ४८ तासांत, असं नाइसने २०१६ पासून सांगितलंय. सगळीकडे एवढी माणसं नसतात हे मला माहितीय, मीही अशा ओपीडीत बसलोय जिथे आठवड्याची तारीख देणं म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी काढून घेणं असतं. पण भेट म्हणजे तज्ज्ञाकडेच जायला हवं असं नाही. कम्युनिटी नर्स घरी येऊन गेली, सोशल वर्करने फोन केला, फॅमिली डॉक्टरने दहा मिनिटं बसवून झोप, गोळ्या, मरणाचे विचार आणि हातांची थरथर विचारली, तरी चालतं. फक्त कोण आणि कुठल्या तारखेला हे आधी ठरलेलं पाहिजे. ‘वाटलं तर या’ याला मी फॉलोअप धरत नाही, कारण डिप्रेशनमध्ये माणसाला काही वाटतच नाही, यायचं तर सोडाच.

आणि लक्षात ठेवा, ओपीडीत जे डॉक्टर भेटतील ते बहुधा समरी लिहिणारे नसतील, त्यांच्या हातात फक्त हाच कागद असेल. म्हणून उद्या सकाळी वॉर्डात फोन करा किंवा स्वतः जा, आणि हे विचारा. फोनवर गोंधळायला होतं, म्हणून लिहूनच देतो :

‘लिथियम ९०० केल्यावरची लेव्हल कुठल्या तारखेला करायची, रिपोर्ट कोण बघणार आणि आकडा वेगळा आला तर आम्हाला कोण फोन करणार? लोराझेपाम कधी आणि कसं कमी करायचं? आधी ओव्हरडोस झालेला आहे आणि घरात महिन्याच्या गोळ्या आहेत, तर या आठवड्यात कोण भेटेल? आणि रात्री काही झालं तर कुठे जायचं?’

उत्तरं समरीवरच लिहून सही-तारीख घ्या, किंवा छोटी पुरवणी मागा. बरेच डॉक्टर यावर चिडत नाहीत, समरी सुधारायला कारण मिळालं तर त्यांनाही बरंच वाटतं. वॉर्डातून उत्तर नाही आलं तर लेव्हलसाठी थांबू नका, फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या आणि पाचव्या ते सातव्या दिवसात बारा तासांच्या हिशोबाने रक्त द्या. लेव्हलसोबत क्रिएटिनिन आणि सोडियमही करायला सांगा, आकडा वर आला तर कारण शोधायला लागतातच.

शेवटचं, हा कागद भावाचा आहे. त्याच्या पाठीमागे सगळं करू नका. मेनिया अजून पूर्ण उतरला नसेल तर तो वाद घालेल, निदान मान्य नाही म्हणेल, तेव्हा ‘बायपोलर’ या शब्दावरून भांडू नका. झोपेवरून बोला, लेव्हलवरून बोला, लोनवरून बोला, या तीन गोष्टी त्यालाही नाकारता येत नाहीत. फॅमिली डॉक्टरला कॉपी द्यायला त्याची हरकत नाही ना ते विचारा. तो नाही म्हणाला तरी तुम्ही जे घरात बघताय ते त्याच्या डॉक्टरांना सांगायला तुम्हाला कुणाची आडकाठी नाही. डॉक्टर तुम्हाला त्याची माहिती देणार नाहीत कदाचित, पण तुमची ऐकून घेऊ शकतात, आणि तशी ती घ्यावीच.

लेव्हलचा आकडा आला की इथे टाका, सोबत गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं तेही लिहा. आकडा १.० च्या वर असेल किंवा वर लिहिलेली लक्षणं असतील तर मात्र इथे टाकत बसू नका, आधी त्याला घेऊन दवाखान्यात जा.